थिअरी कुठे संपते आणि तुमचा अभ्यास कुठे सुरू होतो: काटोलच्या संत्र्याच्या बागेवरून

प्रश्न: "नमस्कार सर. मी नागपुरात पीएच.डी. करते. विषय: काटोल व नरखेड तालुक्यांतील संत्रा उत्पादकांचा ठिबक सिंचनाचा स्वीकार. आरआरसी या संशोधन समितीने सिनॉप्सिस परत पाठवला, थिअरेटिकल आणि कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क वेगवेगळे दाखवा म्हणून. गाईड म्हणतात दोन्ही जवळपास एकच. मी टॅम, रॉजर्स आणि टीपीबी असे तिन्ही सिद्धांत घातलेत. नेमका फरक काय आणि कुठलं कुठल्या प्रकरणात जातं?"

आधी तुमच्या गाईडची बाजू घेतो, कारण ते अगदीच चुकीचं बोलत नाहीत. हे दोन शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. काही विषयांत ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात. काही अभ्यासक संकल्पनात्मक चौकट ही मोठी छत्री मानतात आणि सैद्धांतिक चौकट हा तिच्या आतला एक भाग. आपल्याकडे वाणिज्य, गृहविज्ञान, समाजकार्य, कृषी विस्तार अशा सर्वेक्षणावर चालणाऱ्या विषयांत बहुतेक समित्यांना तिसरा अर्थ हवा असतो: सिद्धांत आधी, आणि त्यातून तुमच्या अभ्यासापुरता काढलेला आराखडा नंतर. तुमच्या समितीने 'वेगवेगळे दाखवा' म्हटलं म्हणजे त्यांना हाच अर्थ अपेक्षित आहे असं धरून पुढे लिहितो. प्रबंधात मात्र एका वाक्यात सांगून टाका की या प्रबंधात या दोन संज्ञा कोणत्या अर्थाने वापरल्या आहेत. त्या एका वाक्याने बहिःस्थ परीक्षकाचा अर्धा वाद तिथेच मिटतो.

आता फरक. मी माझ्या विद्यार्थ्यांना खोडरबर घ्यायला सांगतो. लिहिलेल्या परिच्छेदातून काटोल खोडा, नरखेड खोडा, संत्रा खोडा, ठिबक खोडा, तुमचे शेतकरी खोडा. जे उरेल ते वाचा. 'माणूस एखादी गोष्ट करील की नाही हे त्याच्या हेतूवर ठरतं, आणि हेतू तीन गोष्टींतून घडतो: त्या गोष्टीबद्दलचं त्याचं मत, आपल्या माणसांचा जाणवणारा दबाव, आणि आपल्याला ते जमेल की नाही याचा अंदाज.' हे उरलं तर ती थिअरी आहे. ती तुमच्या आधीही होती, तुमच्यानंतरही राहील, आणि नागपूरशी तिचं काही देणंघेणं नाही. हीच टीपीबी, म्हणजे नियोजित वर्तनाचा सिद्धांत. आइझेन यांनी ती १९९१ मध्ये सविस्तर मांडली. तुम्ही तिच्या मालक नाही, भाडेकरू आहात.

उलट, 'अनुदान हातात पडेपर्यंत रक्कम अडकवून ठेवण्याची ऐपत नसेल तर ठिबक बसवायचा हेतू असूनही शेतकरी थांबतो' हे वाक्य खोडायला घेतलं तर काहीच उरत नाही. ते तुमच्या अभ्यासाबाहेर उभं राहू शकत नाही. ती तुमची संकल्पनात्मक चौकट. तिच्यात तुमच्या तालुक्यातल्या, तुमच्या पिकातल्या, तुम्ही मोजणार असलेल्या गोष्टी असतात, आणि त्या एकमेकींशी कशा जोडल्या आहेत हा तुमचा दावा असतो. तो दावा खोटा ठरला तर पाय तुमचा घसरतो, आइझेन यांचा नाही.

तुमच्या सिनॉप्सिसमधली खरी अडचण मला वेगळीच वाटते: तीन सिद्धांत. समितीला दोन चौकटी एकच दिसल्या, कारण तिन्ही सिद्धांतांतले शब्द उचलून तुम्ही एका आकृतीत डबे भरले असावेत. मी हे वर्षानुवर्षं पाहतो. टॅम, म्हणजे तंत्रज्ञान स्वीकाराचं मॉडेल, यातली 'जाणवणारी उपयुक्तता', रॉजर्स यांच्या नावीन्याच्या प्रसाराच्या सिद्धांतातला 'सापेक्ष लाभ' आणि टीपीबीतलं 'फायद्यातोट्याचं मत', हे तीन डबे बाजूबाजूला ठेवून तिघांतूनही बाण स्वीकाराकडे नेलेले असतात. शेतकऱ्याला तिन्हींसाठी तुम्ही काय विचारणार? 'ठिबकने फायदा होतो असं वाटतं का?' एकच प्रश्न तीनदा. उत्तरं एकमेकांशी इतकी जुळतील की प्रतिगमनात कोणाचा परिणाम किती हे वेगळं काढताच येणार नाही. गुणांक वेडेवाकडे येतील, एखादा चक्क उणे येईल, आणि मग तुम्ही चर्चेच्या प्रकरणात त्या उण्याचं स्पष्टीकरण शोधत बसाल.

म्हणून एक मुख्य सिद्धांत निवडा. कोणता, हे तुमचा आश्रित चल, म्हणजे ज्याचं कारण तुम्हाला शोधायचंय ती गोष्ट, ठरवतो. टॅम १९८० च्या दशकाच्या शेवटी डेव्हिस यांनी कार्यालयात संगणक वापरणाऱ्यांसाठी मांडलं. तिथे यंत्र कंपनीने आणून ठेवलेलं असतं, माणसाने वापरायचं की नाही एवढाच प्रश्न. संत्र्याच्या बागेत यंत्र आणायचा पैसाच शेतकऱ्याचा असतो, त्यामुळे टॅम इथे अंगाला नीट बसत नाही. मी ते सोडलं असतं. उरले रॉजर्स आणि टीपीबी. रॉजर्स यांच्या सिद्धांताची मुळं शेतातच आहेत. आयोवातल्या संकरित मक्याच्या बियाण्यावर रायन आणि ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्याच्या पायाशी आहे. रॉजर्स यांच्या मांडणीत माहिती, मन वळणं, निर्णय, अंमल आणि खातरजमा असे पाच टप्पे येतात, आणि स्वीकारलेली गोष्ट पुढे सोडून देणं यालाही जागा आहे. टीपीबीत टप्पे नाहीत. तिथे एक ठरावीक कृती असते आणि ती माणूस करील की नाही याचा अंदाज.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण माझ्या एका विद्यार्थ्याचा विषय तुमच्या फार जवळचा होता. त्याच्या अनुसूचीत 'ठिबक स्वीकारलं: होय / नाही' असा डबा होता. चाचणीसाठी आम्ही नरखेडच्या बाजूला एका बागेत गेलो. शेतकऱ्याने उत्साहाने 'होय' सांगितलं. विद्यार्थ्याने टिक केली. बाहेर पडताना मला दिसलं, की नळ्यांची वेटोळी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आणि बागेत पाटाने पाणी सोडलेलं, खोडापर्यंत. विचारलं तर म्हणाला, "ठिबक हाय ना जी. पण झाडाच्या बुडाशी पाणी दिसलं नाही तं मनाले पटत नाही." त्याचं होय खोटं नव्हतं. आमचा डबा खोटा होता. बसवणं आणि वापरणं या दोन कृती आहेत, आणि त्यांची कारणंही वेगळी असू शकतात.

तर तुम्हाला ठरवायचंय: कोण बसवतो, की बसवलेल्यांपैकी कोण वापरत राहतो? दुसरा प्रश्न असेल तर रॉजर्स घ्या, त्यातली खातरजमा आणि सोडून देणं तुमच्या कामाचं आहे. पहिला असेल तर टीपीबी घ्या. तुमच्या शीर्षकावरून मला पहिला वाटतो, म्हणून पुढचं सगळं टीपीबी धरून सांगतो. राहिलेल्या सिद्धांतांचा साहित्याच्या आढाव्यात एकेका परिच्छेदात उल्लेख करा, ते का निवडले नाहीत हे सांगा, आणि पुढे जा. निवड न केलेला सिद्धांत आकृतीत दिसता कामा नये.

आता सिद्धांतातून तुमच्या आराखड्यापर्यंत यायचं कसं? इथे बहुतेक जण उडी मारतात. टीपीबीतले तीन डबे जसेच्या तसे उचलतात, त्यांच्यापुढे 'ठिबकबाबत' असा शब्द जोडतात आणि त्याला संकल्पनात्मक चौकट म्हणतात. 'ठिबकबाबतचा दृष्टिकोन', 'ठिबकबाबतचा सामाजिक दबाव'. खोडरबर फिरवा, पुन्हा आइझेनच उरतात. समितीला दोन्ही एकच का वाटलं ते इथे कळेल.

मधली पायरी खुद्द या सिद्धांताच्या परंपरेतच आहे आणि ती फारच कमी जण करतात. मोठ्या सर्वेक्षणाआधी त्याच भागातल्या पंचवीस-तीस शेतकऱ्यांशी खुल्या प्रश्नांनी बोलायचं. तीनच प्रश्न पुरतात. यंदाच्या बहाराआधी बागेत ठिबक बसवलं तर तुम्हाला काय फायदे आणि काय तोटे दिसतात? तुम्ही बसवलं तर कोणाला बरं वाटेल, कोण नाक मुरडेल? बसवायला काय सोपं करतं, काय आडवं येतं? उत्तरं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, सारखी उत्तरं एकत्र करा, आणि वारंवार येणारी तेवढी ठेवा.

त्या विद्यार्थ्याच्या वेळी पहिल्या प्रश्नाला जे आलं त्यात तीन गोष्टी सारख्या दिसल्या. खोडाला पाणी लागत नाही म्हणून डिंक्या कमी होतो. रात्री विजेच्या वेळेला बारे द्यायला उठावं लागत नाही. आणि तिसरी उलट बाजूची: फळ बारीक राहील अशी भीती. डिंक्याचं त्यांचं निरीक्षण खरं आहे, पाणी खोडाला भिडत राहिलं की फायटोफ्थोरा बुरशीला आयतं मिळतं. पण तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की हा मुद्दा कोणत्याही परदेशी प्रश्नावलीत तुम्हाला मिळाला नसता. 'दृष्टिकोन' या रिकाम्या डब्यात आता तुमच्या बागेतलं काहीतरी आलं.

दुसऱ्या प्रश्नाने मला शिकवलं. आम्ही कृषी सहायक आणि शेजारी एवढेच धरून चाललो होतो. शेतकऱ्यांनी वडिलांचं नाव घेतलं, आणि झाडावरच बाग विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याचं. व्यापारी फेरी मारायला येतो, फळाचा आकार पाहतो आणि तिथेच बोलतो. त्याचं मत मोजायचं असेल तर त्याचा डबा हवा. थिअरी सांगते की महत्त्वाच्या माणसांचा दबाव असतो. ती माणसं कोण, हे थिअरी सांगत नाही. ते तुमच्या चौकटीने सांगायचं असतं.

तिसऱ्या प्रश्नाला विजेचे तास, उन्हाळ्यात विहिरीला राहणारं पाणी, क्षाराने तुंबणारे ड्रिपर आणि आगाऊ पैसा ही उत्तरं आली. यातला आगाऊ पैसा नीट पाहा. कागदावर अनुदान मोठं आहे. केंद्राचा वाटा आणि राज्याची पूरक भर मिळून अल्प-अत्यल्प भूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत जातं. पण महाडीबीटीवर अर्ज, निवड, पूर्वसंमती, मग संच बसवणं, बिल अपलोड करणं, मोका तपासणी आणि शेवटी खात्यात रक्कम असा तो क्रम आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न अनुदान आहे की नाही हा नाही. संपूर्ण बिल आधी मी कुठून भरू, हा आहे. म्हणून तुमच्या आकृतीत 'शासकीय अनुदान' असा डबा ठेवू नका. दोन्ही तालुक्यांत योजना एकच, सगळ्यांना जवळपास सारखी. जो बदलत नाही तो चलच नव्हे. बदलतं ते काय? रक्कम अडकवून ठेवता येईल की नाही याबद्दलचा शेतकऱ्याचा अंदाज. डब्याचं नाव तेच ठेवा: 'आगाऊ रक्कम उभी करता येईल याची खात्री'.

या डब्यातून निघणाऱ्या बाणाचं समर्थन प्रबंधात कसं दिसावं, ते लिहूनच दाखवतो:

"नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार एखादी कृती आपल्या आवाक्यात आहे असं वाटणं हे हेतू घडवतं. प्रस्तुत अभ्यासात ठिबक संचाचा पूर्ण खर्च शेतकऱ्याला आधी करावा लागतो आणि अनुदान तपासणीनंतर जमा होतं. प्राथमिक मुलाखतींत ही अडचण वारंवार आली. म्हणून आगाऊ रक्कम उभी करता येईल याची खात्री जितकी जास्त, तितका ठिबक बसवण्याचा हेतू प्रबळ असेल असं गृहीत धरलं आहे."

चार वाक्यं. पहिलं वाक्य थिअरीचं, दुसरं परिस्थितीचं, तिसरं तुमच्या शोधाचं, चौथं परिकल्पना. आकृतीतल्या प्रत्येक बाणासाठी असा एक परिच्छेद हवा. ज्या बाणाला परिच्छेद लिहिता येत नाही तो बाण काढून टाका. हे मी माझ्या स्वतःच्या मौखिकीत शिकलो. माझ्या आकृतीत वय, शिक्षण, जात, कुटुंबाचा प्रकार अशी चार डब्यांची रांग होती आणि चारही बाण थेट आश्रित चलाकडे. परीक्षकांनी कुटुंबाच्या प्रकारावर बोट ठेवून विचारलं, "हा बाण कुठून आला?" मी म्हणालो, सगळे घालतात म्हणून. सभागृहात हसू पिकलं. पदवी मिळाली, पण ते हसू अजून आठवतं.

एका बाणाबद्दल मात्र जरा थांबून सांगतो, कारण तो जवळपास नेहमी उलटा काढला जातो: हेतूतून कृतीकडे जाणारा. तुम्ही एकाच भेटीत शेतकऱ्याला 'पुढे बसवायचा विचार आहे का' आणि 'बसवलंय का' असं दोन्ही विचारलंत, तर हेतू आजचा आणि कृती मागची. आजच्या हेतूने मागची कृती कशी घडेल? ज्याने आधीच बसवलंय त्याचा हेतू अर्थातच चांगला निघेल, आणि तुम्ही अभिमानाने लिहाल की हेतूचा कृतीवर मोठा परिणाम आहे. हा आकडा कितीही देखणा असला तरी काही सिद्ध करत नाही.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक, ठिबक नसलेलेच शेतकरी घ्या, आकृती हेतूवरच संपवा, कृतीचा डबा काढून टाका आणि शीर्षकातही 'स्वीकार'ऐवजी 'स्वीकाराचा हेतू' करा. वेळ कमी असेल तर हाच मार्ग. दुसरा, दोन फेऱ्या करा. आंबिया बहार घेणाऱ्या, ठिबक नसलेल्या शेतकऱ्यांकडे डिसेंबरात, बाग ताणावर असताना जाऊन हेतू मोजा, आणि मे महिन्यात त्याच माणसांकडे परत जाऊन प्रत्यक्ष काय झालं ते बागेत पाहून नोंदवा. त्यासाठी कृतीची व्याख्या नेमकी हवी. आइझेन कृती, वस्तू, संदर्भ आणि काळ असे चार घटक स्पष्ट करायला सांगतात. तुमच्याकडे ते असं होईल: येत्या आंबिया बहारात, स्वतःच्या संत्रा बागेत, ठिबक संच बसवून, त्यानेच पाणी देणं. शेवटचे तीन शब्द टाळले तर गोठ्यात टांगलेल्या नळ्या परत तुमच्या 'होय'मध्ये येतील.

दुसरी फेरी करणार असाल तर विजेच्या पुरवठ्याला आकृतीत जागा मिळते. टीपीबीत प्रत्यक्ष नियंत्रण, म्हणजे खरोखर हातात असलेली साधनं, हेतूचं कृतीत रूपांतर होऊ देतं किंवा अडवतं. म्हणून प्रत्यक्ष मिळणाऱ्या विजेच्या तासांचा बाण हेतूकडेही जात नाही, कृतीकडेही जात नाही. तो हेतू आणि कृती यांना जोडणाऱ्या बाणाच्या मधोमध येऊन टेकतो. विश्लेषणात याचा अर्थ हेतू गुणिले विजेचे तास असं एक पद प्रतिगमनात येणं. आकृतीत बाण मध्यावर टेकवला आणि विश्लेषणात ते पद नाही, असं झालं तर जागरूक परीक्षक तिथेच थांबवतो. साध्या सर्वेक्षणात आणि लहान नमुन्यात अशा पदाचा परिणाम पकडणं कठीण असतं, म्हणून शंभरेक शेतकरीच घेणार असाल तर हा बाण आकृतीत घालू नका. विजेचं चर्चेत लिहा.

आता जागा. ठाम नियम नाही, तुमच्या विभागात मागच्या पाच वर्षांत मान्य झालेले तीन-चार प्रबंध उघडून पाहा आणि त्यांच्यापासून फार लांब जाऊ नका. पण पाच प्रकरणांचा नेहमीचा प्रबंध असेल तर मी असं ठेवतो. पहिल्या प्रकरणात सिद्धांताचा फक्त एक परिच्छेद, समस्येच्या निवेदनानंतर: हा अभ्यास अमुक सिद्धांताच्या आधारे केला आहे, एवढंच. आकृती तिथे नको, कारण वाचकाला अजून डब्यांची नावंच माहीत नाहीत.

दुसऱ्या प्रकरणात सुरुवातीलाच सैद्धांतिक चौकट. सिद्धांत काय म्हणतो, तो कुठून आला, शेतीत तो वापरला गेला तेव्हा काय दिसलं, त्याच्यावर आक्षेप काय आणि तरी तो का निवडला. आकृती असेल तर ती मूळ सिद्धांताची, श्रेय देऊन. मग संबंधित साहित्याचा आढावा, पण वर्षवार यादी नको. सिद्धांतातल्या तीन घटकांप्रमाणे गट पाडा, म्हणजे आढावा आपोआप एका धाग्यात येतो. त्यानंतर संशोधनातली पोकळी. आणि प्रकरणाच्या अगदी शेवटी संकल्पनात्मक चौकट: तुमची आकृती, प्रत्येक बाणाचा परिच्छेद, परिकल्पना. प्राथमिक मुलाखती कशा घेतल्या याचा तपशील तिसऱ्या प्रकरणात असेल, इथे त्याचा निर्देश पुरे. चौकट शेवटी का? कारण आढाव्याने जे दिलं आणि जे दिलं नाही, ते दोन्ही वाचून झाल्यावरच ती आकृती पटते. आधी टाकली तर ती आकाशातून पडल्यासारखी दिसते.

तिसरं प्रकरण त्याच आकृतीतून सुरू होतं. प्रत्येक डब्याची कार्यात्मक व्याख्या आणि तो अनुसूचीतल्या कोणत्या प्रश्नांनी मोजला हे लिहायचं. इथे मी विद्यार्थ्यांकडून एक साधी तपासणी करून घेतो: डावीकडे डब्यांची नावं, उजवीकडे प्रश्नक्रमांक. त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्यात अकरा डबे होते आणि तिघांपुढे एकही प्रश्न नव्हता. उलट, अनुसूचीतले चौदा प्रश्न कोणत्याच डब्याचे नव्हते. ट्रॅक्टर आहे का, घर पक्कं की कच्चं. एक शेतकरी चाळीस मिनिटं देतो, त्यातली दहा त्या चौदा प्रश्नांत जात होती.

चौथ्या प्रकरणात परिकल्पना आकृतीच्या क्रमानेच तपासा. पाचव्यात परत सिद्धांताकडे जा. आणि इथेच बहुतेक प्रबंध उघडे पडतात. पीडीएफ उघडून `Ctrl+F` ने सिद्धांताचं नाव शोधा. सगळे उल्लेख दुसऱ्या प्रकरणातच सापडले आणि चर्चेत एकही नाही, तर तो सिद्धांत कामाला नव्हता, शोभेला होता. तुमच्या निष्कर्षात व्यापाऱ्याच्या मताचा परिणाम शेजाऱ्यापेक्षा मोठा निघाला, समजा. पाचव्या प्रकरणात तुम्ही हे लिहायला हवं की सामाजिक दबावाबद्दल सिद्धांताचं म्हणणं इथे टिकलं, मात्र तो दबाव शेजाऱ्यांपेक्षा बाजाराकडून जास्त आला. असं एखादं वाक्य परीक्षकाला फार आवडतं, आणि त्यासाठी चौकट लागते.

दोन गोष्टी सहज सांगून टाकतो. 'उद्दिष्टे, त्याखाली साहित्याचा आढावा, त्याखाली नमुना निवड, त्याखाली विश्लेषण' असं उतरत जाणारं चित्र म्हणजे संकल्पनात्मक चौकट नव्हे. तो कामाचा क्रम आहे. तिसऱ्या प्रकरणात हवा तर घाला, नावं मात्र नीट द्या. समितीकडून परत आलेल्या सिनॉप्सिसमध्ये मला सगळ्यात जास्त हेच चित्र दिसतं. आणि तुमच्यासारखं काम सर्वेक्षणाचं नसून कुणाचं गुणात्मक असेल, म्हणजे वीस शेतकऱ्यांच्या दीर्घ मुलाखतींतून काहीतरी वर येऊ द्यायचं असेल, तर वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथे संकल्पनात्मक चौकट सुरुवातीला कच्ची असते, मुलाखतींबरोबर बदलते, आणि बदललेली आकृती शेवटी येते. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांच्या १९६७ च्या मांडणीप्रमाणे काम करणाऱ्याला तर सिद्धांत हाच शेवटचा निष्पन्न माल असतो, आधी ठरवलेला साचा नसतो.

थोडक्यात तुमच्यापुरता क्रम: आश्रित चल ठरवा, त्यावरून एक सिद्धांत ठेवा, शेतकऱ्यांशी तीन खुल्या प्रश्नांनी बोला, त्या उत्तरांतून डबे भरा, प्रत्येक बाणाला परिच्छेद लिहा. सिनॉप्सिसमध्ये हे सगळं दीड पानात बसतं: अर्धं पान सिद्धांत, एक पान आकृतीसह चौकट. प्राथमिक मुलाखती अजून झाल्या नसतील तर आकृतीखाली 'प्रस्तावित' असा शब्द लिहा.

विश्लेषण झाल्यावर काही बाण टिकणार नाहीत, तेव्हा दुसऱ्या प्रकरणातली आकृती गुपचूप दुरुस्त करायचा मोह होतो. करू नका. समितीकडे सिनॉप्सिसची प्रत असते. ती आकृती तशीच राहू द्या आणि पाचव्या प्रकरणात दुसरी काढा, न टिकलेले बाण तुटक रेषेने दाखवून.